ब्रिटनच्या पेन्शन फंडाचं पत्र आलंय: फंडिंग लेव्हल, तूट आणि ट्रस्टींचं काम यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये सहा-आठ वर्षं नोकरी करून पुण्याला, नाशिकला किंवा मडगावला परतलेल्या अनेकांच्या घरी वर्षातून एकदा एक जाडसर पाकीट येतं. आत ‘समरी फंडिंग स्टेटमेंट’ नावाची चार पानं असतात. ती वाचून लोक एक तर घाबरतात, नाहीतर गॅसच्या पावत्यांच्या फाइलीत लावून टाकतात. मी तिकडे एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या पेन्शन स्कीमवर सभासदांनी निवडून दिलेला ट्रस्टी होतो. ओळखीपाळखीतून येणारे तेच ते प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हे सगळं शेवटच्या पगारावर किंवा सरासरी पगारावर ठरणाऱ्या, म्हणजे ‘डिफाइन्ड बेनिफिट’ पेन्शनबद्दल आहे. तुमच्या नावावर नुसती रक्कम साठत असेल, तर त्या खात्याला फंडिंग लेव्हल नसते.

पत्रात “फंडिंग लेव्हल ८६ टक्के” लिहिलंय. माझे १४ टक्के पैसे गेले का?

नाही. तुमच्या नावाचा वेगळा डबा तिथे नसतोच. सगळ्यांचा फंड एकच असतो. आतापर्यंत कमावलेलं सगळ्यांचं पेन्शन आयुष्यभर द्यायला आज किती रक्कम हाताशी हवी, याचा अंदाज अॅक्चुअरी, म्हणजे असे लांब पल्ल्याचे हिशेब मांडणारा तज्ज्ञ, काढतो. ती झाली देणी. फंडात आज जे आहे ती झाली मालमत्ता. मालमत्तेला देण्यांनी भागलं की फंडिंग लेव्हल मिळते. तिलाच काही ठिकाणी फंडेड रेशो म्हणतात.

समजा देणी १० कोटी पाउंड आणि फंडात ८ कोटी ६० लाख आहेत. लेव्हल ८६ टक्के, तूट १ कोटी ४० लाख. पण ते १० कोटी आज कुणाला द्यायचे नाहीत. ते पुढची साठ-सत्तर वर्षं थोडे थोडे द्यायचे आहेत. या महिन्याचं पेन्शन या महिन्यात जातं आणि ८६ टक्क्यांच्या फंडातूनही ते पूर्ण जातं. तुटीचा प्रश्न शेवटी राहणाऱ्यांचा असतो, म्हणून आज चाळिशीत असलेल्या सभासदाने ऐंशीच्या आजोबांपेक्षा हे पत्र जास्त लक्ष देऊन वाचावं.

देणी मोजतात कशी? साठ वर्षांनंतरचं कुणाला कळतं?

कुणालाच नाही. म्हणून गृहीतकं धरावी लागतात: लोक किती जगतील, महागाई किती वाढेल, आणि फंडातला पैसा दरवर्षी किती टक्क्यांनी वाढेल. यातलं शेवटचं गृहीतक, ज्याला डिस्काउंट रेट म्हणतात, बाकी सगळ्यांना पुरून उरतं. एकच हप्ता घेऊन पाहू.

तुम्हाला २० वर्षांनी १,००० पाउंड द्यायचे आहेत. पैसा दरसाल ४ टक्क्यांनी वाढेल असं धरलं, तर त्यासाठी आज ४५६ पाउंड बाजूला हवेत. ५ टक्के धरले, तर ३७७ पुरतात. २ टक्केच धरले, तर ६७३ लागतात. आता फंडात या हप्त्यासाठी ४०० पाउंड आहेत असं समजा. पहिल्या हिशेबाने लेव्हल ८८ टक्के, दुसऱ्याने १०६ टक्के, तिसऱ्याने ५९ टक्के. पैसे तेच, वचन तेच, माणूसही तोच. तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि कुणी खोटं बोललेलं नाही.

ट्रस्टी झाल्यावर माझ्या पहिल्याच बैठकीत अॅक्चुअरीने एक कागद पुढे सरकवला. त्यावर एकाच फंडाच्या तीन वेगवेगळ्या टक्केवाऱ्या होत्या. मी विचारलं, “यातली खरी कुठली?” तो शांतपणे म्हणाला, “तुम्ही प्रश्न कुठला विचारताय?” तेव्हा मला ते उत्तर उडवाउडवीचं वाटलं होतं. तसं ते नव्हतं. कुठल्याही टक्केवारीपुढे “कशाच्या हिशेबाने?” असं विचारायची सवय मला तिथून लागली.

माझ्या पत्रातही दोन आकडे आहेत. वर ८६ आणि खाली कुठेतरी ७० टक्के. कुठला धरू?

दोन्ही. ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

वरचा आकडा ‘टेक्निकल प्रोव्हिजन्स’ नावाच्या हिशेबावरचा. स्कीम चालू राहणार, कंपनी पाठीशी उभी राहणार, गरज पडेल तसे पैसे घालणार, असं धरून तो काढतात. गृहीतकं सावध असावीत असं कायदा सांगतो, पण ती किती सावध ठेवायची हे ट्रस्टी ठरवतात आणि बहुतेक स्कीममध्ये त्याला कंपनीची संमती लागते. त्या संमतीच्या वाटाघाटीत महिनेच्या महिने जातात.

खालचा आकडा ‘बाय-आउट’ किंवा ‘सॉल्व्हन्सी’चा. स्कीम आजच बंद करून सगळी देणी विमा कंपनीच्या गळ्यात घालायची झाली, तर ती जी किंमत मागेल तिच्याशी फंडाची तुलना. विमा कंपनीला नफा हवा, भांडवल बाजूला ठेवावं लागतं, आणि नंतर हात पसरायला तिला दुसरी कंपनी नसते. म्हणून हा आकडा जवळजवळ नेहमीच कमी असतो. तो पत्रात देणं बंधनकारक आहे, आणि सोबत “स्कीम बंद करायचा विचार आहे असा याचा अर्थ नाही” असं वाक्य बहुधा असतंच.

मी वाचताना दोन्ही आकड्यांमधलं अंतर बघतो. जितकं अंतर मोठं, तितकी तुमच्या पेन्शनची भिस्त कंपनीच्या तब्येतीवर जास्त.

कंपनीच्या वार्षिक अहवालात तर पेन्शन फंडात शिल्लक दाखवली आहे! मग तूट कसली?

तो तिसरा हिशेब. जमाखर्चाच्या नियमांनुसार कंपनीला उत्तम पत असलेल्या कंपन्यांच्या कर्जरोख्यांवरचा व्याजदर वापरावा लागतो, आणि गृहीतकं सावध नव्हे तर ‘सर्वांत संभाव्य’ धरायची असतात. त्यामुळे देणी लहान दिसतात. तो आकडा भागधारकांसाठी असतो. कंपनीने फंडात किती पैसे घालायचे हे त्यावरून ठरत नाही. वर्तमानपत्रं मात्र बरेचदा तोच छापतात, कारण तो सहज सापडतो.

पत्र आत्ता आलं, पण आकडा दीड वर्षापूर्वीचा आहे. लपवाछपवी आहे का?

बहुधा नाही. पूर्ण मूल्यमापन निदान तीन वर्षांतून एकदा करायचं असतं आणि ते पुरं करायला मूल्यमापनाच्या तारखेपासून १५ महिने मिळतात. म्हणजे ३१ मार्च २०२३ च्या तारखेचं मूल्यमापन ३० जून २०२४ पर्यंत झालं तरी वेळेत. त्यानंतर पत्रं छापून टपालात पडायची. मधल्या वर्षांत अॅक्चुअरी एक छोटा अहवाल देतो, पण त्यात माणसागणिक नव्याने हिशेब नसतो. जुना आकडा बाजारभावानुसार पुढे सरकवलेला असतो.

१५ महिने उलटूनही मूल्यमापन झालेलं नसेल, तर ती दखल घेण्याजोगी गोष्ट आहे. अशा वेळी ट्रस्टी आणि कंपनी यांचं जमलेलं नसतं, आणि ही बाब पेन्शन्स रेग्युलेटरला कळवावी लागते.

२०२२ मध्ये पेन्शन फंड बुडायला आले होते असं ऐकलं. पण माझ्या पत्रात त्याच वर्षी लेव्हल वाढलेली दिसते. हे कसं?

हा माझा आवडता प्रश्न, कारण नुसती मालमत्ता बघणाऱ्याला हे कोडं सुटत नाही.

सरकारी रोख्यांचे, म्हणजे गिल्ट्सचे, व्याजदर वाढले की डिस्काउंट रेट वाढतो आणि देणी आक्रसतात. वरचं उदाहरण आठवा: ४ चे ५ टक्के झाले आणि ४५६ चे ३७७ झाले. व्याजदर वाढले की रोख्यांच्या किमतीही पडतात, त्यामुळे मालमत्ताही घटते. पण देणी मालमत्तेपेक्षा जास्त घटली तर भागाकार वाढतो. फंड लहान झाला आणि लेव्हल सुधारली, असं त्या वर्षी बऱ्याच स्कीमचं झालं.

मग घबराट कशाची होती? रोखीची. व्याजदर घसरले तर देणी फुगतात. त्यापासून बचाव म्हणून अनेक स्कीमनी उसनवारीवर जास्तीचे गिल्ट्स घेऊन ठेवले होते. या पद्धतीला एलडीआय म्हणतात. उसनवारीला तारण लागतं आणि गिल्ट्सची किंमत पडली की देणारा आणखी तारण मागतो. २३ सप्टेंबर २०२२ ला ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांनी करकपातीचा ‘मिनी बजेट’ मांडला आणि गिल्ट्सच्या किमती अशा वेगाने कोसळल्या की तारणाच्या मागण्या तासातासाला यायला लागल्या. तारण भरायला फंडांनी हाताशी होते तेच गिल्ट्स विकले, त्याने किमती आणखी पडल्या, की पुन्हा तारणाची मागणी. २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंड खरेदीदार म्हणून उतरली. तिने ६५ अब्ज पाउंडांपर्यंतची तयारी जाहीर केली होती, प्रत्यक्षात खरेदी झाली सुमारे १९ अब्जांची.

त्या आठवड्यात आमच्या मंडळाची बैठक रात्री साडेआठला फोनवर झाली. सल्लागार सांगत होता की उद्या दुपारपर्यंत तारण भरलं नाही तर संरक्षण काढून घेतील. आमच्याकडे पैसा होता, पण तो अशा फंडात होता की विकल्यावर हातात यायला पाच दिवस लागणार. फंडिंग लेव्हल त्या रात्री आमच्या इतिहासातली सर्वांत चांगली होती, हे नंतर लक्षात आलं. टक्केवारीवरून हाताशी रोकड किती आहे ते कळत नाही.

तूट निघाली की ट्रस्टी नेमकं काय करतात?

आधी ते कंपनीकडे बघतात. तूट भरून काढायला वेळ लागणार, आणि तोवर पैसे देणारी कंपनी टिकेल का, किती देऊ शकेल, हे ठरल्याशिवाय पुढचं काही ठरत नाही. या कुवतीला ते लोक ‘एम्प्लॉयर कव्हनंट’ म्हणतात. त्यासाठी स्वतंत्र हिशेबनीस नेमून कंपनीचा रोख ओघ, बँकेची कर्जं आणि भागधारकांना जाणारा लाभांश तपासला जातो. लाभांश पेन्शनच्या हप्त्याच्या पाचपट आहे आणि कंपनी “परवडत नाही” म्हणते, असं दिसलं की बैठकीतली हवा बदलते.

मग ‘रिकव्हरी प्लॅन’ होतो. म्हणजे कंपनीने किती वर्षं किती पैसे घालायचे याचा लेखी करार. तो रेग्युलेटरकडे पाठवावा लागतो. आपलीच १ कोटी ४० लाखांची तूट घेऊ. कच्चा भागाकार केला तर ७ वर्षांत दरसाल २० लाख. पण तूटही डिस्काउंट रेटने वाढत राहते. ५ टक्के धरले तर दरसाल सुमारे २४ लाख २० हजार लागतात. मुदत १० वर्षं केली तर हप्ता १८ लाखांवर येतो.

आता यातली पळवाट दाखवतो. फंडातला पैसा ५ नव्हे तर ६ टक्क्यांनी वाढेल, असं प्लॅनपुरतं धरलं, तर ८ कोटी ६० लाखांवरचा तो जादा एक टक्काच वर्षाला ८ लाख ६० हजार देतो. कंपनीचा हप्ता एकदम १४-१५ लाखांवर उतरतो. मुदत तीच ७ वर्षं आणि कागदावर तूट शून्य. फक्त हप्त्यातला मोठा भाग कंपनीकडून शेअर बाजाराकडे सरकला. थोडं असं धरणं गैर नाही, सर्रास होतं. पण रिकव्हरी प्लॅन वाचताना “यात नगद किती आणि आशा किती?” हे जरूर विचारा. सभासदाला प्लॅनची प्रत मागता येते.

मुदत किती असावी याचा एकच आकडा कायद्यात नाही. कंपनीला वाजवीपणे परवडेल तितक्या लवकर तूट भरावी, हे सूत्र. सप्टेंबर २०२४ नंतरच्या मूल्यमापनांना लागू झालेल्या नव्या नियमांमध्ये तेच आणखी स्पष्टपणे मांडलं आहे. शिवाय स्कीम जुनी होईल तसं कंपनीवरचं अवलंबन कसं कमी करत नेणार, याचा दूरचा आराखडाही ट्रस्टींना आता लिहून ठेवावा लागतो.

कंपनीकडे रोख पैसेच नसतील तर?

तर ट्रस्टी दुसरं काहीतरी मागतात. मूळ कंपनीची हमी, कारखान्याच्या जमिनीवर बोजा, किंवा ‘कंपनीचा नफा अमुक झाला तर हप्ता आपोआप वाढेल’ अशी अट. आपल्याकडे सावकार शेत गहाण ठेवून घेतो त्यातलाच प्रकार, फक्त कागद जास्त.

सर्वांत मजेदार उदाहरण डियाजिओचं. २०१० मध्ये या मद्य कंपनीने आपल्या पेन्शन स्कीमची तूट भरायला स्कॉटलंडच्या गोदामांत मुरत पडलेल्या व्हिस्कीची सुमारे २५ लाख पिंपं एका भागीदारी संस्थेत घातली. किंमत ४३ कोटी पाउंड धरली होती. त्या व्यवस्थेतून स्कीमला १५ वर्षं दरसाल उत्पन्न मिळायचं होतं. व्हिस्की मुरायला वर्षं लागतात आणि पेन्शनही वर्षानुवर्षं द्यायचं असतं, म्हणून जोडी जमली. मात्र असं तारण घेताना ट्रस्टींना एक प्रश्न पडायलाच हवा: कंपनी ज्या दिवशी बुडेल त्या दिवशी या वस्तूची किंमत किती उरेल? कंपनीच्याच ब्रँडवर किंमत अवलंबून असेल तर तारण आणि कर्जदार एकत्रच बुडतात.

आणि पैसे असूनही कंपनी नाही म्हणाली तर?

तेव्हा रेग्युलेटर मध्ये पडू शकतो आणि हप्ते ठरवूनही देऊ शकतो. तो अधिकार क्वचितच वापरला जातो, पण तो आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. काही स्कीमच्या मूळ ट्रस्ट डीडमध्ये हप्ता ठरवायचा किंवा स्कीम गुंडाळायचा अधिकार थेट ट्रस्टींना दिलेला असतो. गुंडाळली तर कंपनीवर बाय-आउट हिशेबाने पूर्ण तुटीचं कर्ज चढतं, म्हणजे आपल्या उदाहरणात ८६ नव्हे तर ७० टक्क्यांच्या हिशेबाची तूट. हे कलम डीडमध्ये असेल तर वाटाघाटी पटकन होतात.

पण ट्रस्टी कंपनीचीच माणसं ना? ती कंपनीविरुद्ध कशाला जातील?

रास्त शंका. कंपनीचा फायनान्स डायरेक्टरही अनेक मंडळांवर असायचा. कायद्याने निदान एक तृतीयांश ट्रस्टी सभासदांमधून यावे लागतात, आणि खुर्चीत बसल्यावर प्रत्येकाचं कर्तव्य लाभार्थींशी असतं, नेमणाऱ्याशी नाही. ते सगळे पाळतात असं म्हणणार नाही. आमच्याकडे हप्त्यावर चर्चा सुरू झाली की कंपनीच्या वतीने आलेला एक ट्रस्टी स्वतःहून खोलीबाहेर जाऊन बसायचा. दुसरा एक जण कधीच उठला नाही, त्याला अध्यक्षांनी सांगावं लागलं. हल्ली बऱ्याच स्कीम बाहेरचा व्यावसायिक ट्रस्टी नेमतात.

तूट आहे म्हणून माझं पेन्शन कापतील का?

आजवर कमावलेलं पेन्शन ट्रस्टींना किंवा कंपनीला तुमच्या संमतीशिवाय कमी करता येत नाही. १९९५ च्या पेन्शन कायद्याचं ६७ वं कलम त्यासाठीच आहे. नेदरलँड्समध्ये लेव्हल बराच काळ खाली राहिली तर पेन्शनमध्येच कपात करायची पद्धत होती आणि २०१३ मध्ये तिथल्या बऱ्याच फंडांनी ती केली. ब्रिटनमध्ये तूट हे कंपनीचं बिल आहे.

पण कडेकडेने बरंच बदलू शकतं. पुढच्या नोकरीचं पेन्शन साठणं बंद होऊ शकतं. ट्रस्टी मर्जीने देत होते ती जादा वाढ थांबते. नियमांतल्या शब्दरचनेत जागा असेल तर महागाईचा निर्देशांक बदलतो, आरपीआयऐवजी सीपीआय येतो आणि वाढ दरसाल थोडी कमी होते. लवकर निवृत्ती घेताना लावायचा कपातीचा तक्ता कडक होतो. आणि पेन्शन दुसरीकडे हलवायचं म्हटलं तर हस्तांतराची रक्कम कमी करायचा अधिकार ट्रस्टींना आहे. त्यासाठी अॅक्चुअरीचा तुटीचा अहवाल लागतो. सगळे निघून जाताना पूर्ण रक्कम घेऊन गेले तर मागे राहिलेल्यांचा फंड आणखी तुटीत जाईल, हे त्यामागचं कारण.

कंपनीच बुडाली तर?

तर पेन्शन प्रोटेक्शन फंड, पीपीएफ. एप्रिल २००५ पासून तो आहे. स्कीमकडे पीपीएफच्या पातळीइतकंही पेन्शन विकत घेण्याएवढी मालमत्ता नसेल तर तो स्कीम ताब्यात घेतो. स्कीमच्या नेहमीच्या निवृत्तीचं वय ओलांडलेल्यांना पूर्ण पेन्शन चालू राहतं, बाकीच्यांना साधारण ९० टक्क्यांच्या हिशेबाने मिळतं. खरा फटका मात्र पुढच्या वार्षिक वाढीत बसतो. ती बहुतेकदा मूळ स्कीमपेक्षा कमी असते आणि वीस वर्षांत तो फरक १० टक्क्यांपेक्षा मोठा होतो. पीपीएफ करदात्यांच्या पैशावर चालत नाही. चालू स्कीमकडून घेतलेली वर्गणी, बुडालेल्या स्कीमची मालमत्ता आणि गुंतवणुकीचं उत्पन्न यांवर चालतो.

टाटा स्टीलच्या प्रकरणात नेमकं काय झालं? आमच्या ओळखीचे तिथे होते.

हे प्रकरण मुळापासून बघण्यासारखं आहे, कारण वरचं सगळं त्यात एका ठिकाणी दिसतं.

मुंबईच्या टाटा स्टीलने २००७ मध्ये कोरस ही पोलाद कंपनी विकत घेतली. तिच्यासोबत जुनी ब्रिटिश स्टील पेन्शन स्कीमही आली. वेल्समधल्या पोर्ट टॅल्बटसह अनेक ठिकाणचे कामगार आणि निवृत्त धरून तिचे सव्वा लाखाच्या आसपास सभासद होते आणि देणी १४-१५ अब्ज पाउंडांच्या घरात. २०१६ मध्ये पोलादाचा धंदा तोट्यात होता. टक्केवारीने पाहिलं तर स्कीमची तूट भयंकर नव्हती. पण तुटीच्या मानाने कंपनी फारच अशक्त होती, आणि स्कीम कंपनीच्या मानाने अवाढव्य होती. एवढ्या फंडात बाजार थोडा हलला तरी पन्नास कोटी पाउंड इकडचे तिकडे, आणि तेवढे भरायची ताकद ब्रिटनमधल्या कंपनीत उरली नव्हती. लेव्हल बरी आणि कव्हनंट कच्चा असला तर काय होतं, ते इथे दिसलं.

मार्च २०१७ अखेर नवं पेन्शन साठणं बंद झालं. मग रेग्युलेटर आणि पीपीएफ यांच्या मान्यतेने कंपनीला स्कीमच्या ओझ्यातून मोकळं करणारी ‘रेग्युलेटेड अपोर्शनमेंट अरेंजमेंट’ नावाची तोड निघाली आणि ती सप्टेंबर २०१७ मध्ये अमलात आली. ही तोड कुणालाही मिळत नाही. ती मिळाली नाही तर कंपनी वर्षभरात नक्की दिवाळखोरीत जाईल, आणि तशी गेली असती तर स्कीमच्या हाती आलं असतं त्यापेक्षा या मार्गाने जास्त येतंय, हे दोन्ही दाखवावं लागतं. टाटा स्टील यूकेने ५५ कोटी पाउंड दिले, शिवाय कंपनीतला ३३ टक्के हिस्सा. हा हिस्सा मागण्याचं कारण सरळ आहे: पेन्शनचं ओझं उतरल्यावर कंपनीचा भाव वधारला, तर त्यातलं काही पेन्शनवाल्यांनाही मिळावं.

सभासदांपुढे पर्याय आले. पुढची वार्षिक वाढ कमी असलेल्या नव्या स्कीममध्ये जा, नाहीतर जुन्या स्कीमसोबत पीपीएफमध्ये. त्याला ‘टाइम टू चूज’ म्हणत, आणि निर्णयाची मुदत २०१७ च्या अखेरीस होती. बहुसंख्य नव्या स्कीममध्ये गेले, तिचं काम मार्च २०१८ मध्ये सुरू झालं.

दुर्दैव तिसऱ्या वाटेचं. सुमारे ८,००० जणांनी एकरकमी पैसे घेऊन बाहेर पडणं निवडलं, सगळे मिळून जवळपास २.८ अब्ज पाउंड. कारखान्याच्या गावांत सल्लागारांनी ठाण मांडलं होतं आणि पेन्शन बुडणार ही भीती त्यांचं भांडवल होती. नंतरच्या तपासणीत जवळपास निम्म्या प्रकरणांत सल्ला सभासदाच्या हिताचा नव्हता असं दिसलं. वित्त क्षेत्राच्या नियामकाने २०२३ मध्ये भरपाईची योजना सुरू केली. आणि ज्या नव्या स्कीमला लोक घाबरत होते, तिने त्याच वर्षी आपली सगळी देणी, सुमारे ७.५ अब्ज पाउंड, लीगल अँड जनरल या विमा कंपनीकडे उतरवली.

आजही ३०,००० पाउंडांपेक्षा जास्त किमतीचं असं पेन्शन हलवायचं तर नोंदणीकृत सल्लागाराचा सल्ला घेणं सक्तीचं आहे. तूट वाचून हलवायचा विचार करत असाल तर आधी बघा की तो सल्लागार तुम्ही गाठलात की त्याने तुम्हाला गाठलं.

मी एनएचएसमध्ये होते. माझ्या पत्रात फंडिंग लेव्हल का नाही?

कारण फंडच नाही. एनएचएसचं पेन्शन चालू वर्गणीतून आणि सरकारी तिजोरीतून जातं. नगरपालिका, कौन्सिलच्या नोकरीचं पेन्शन मात्र खऱ्या फंडातून येतं आणि त्याची लेव्हल जाहीर होते. पण तिथे लाभ कायद्याने ठरलेले आहेत, तूट आली तर कौन्सिलची वर्गणी वाढते.

आपल्याकडच्या पीएफ ट्रस्टलाही हे लागू आहे का?

ही टक्केवारी नाही. काही मोठ्या कंपन्यांना स्वतःचा पीएफ ट्रस्ट चालवायची सूट असते. तिथे प्रत्येकाच्या नावावर शिल्लक असते, म्हणून देणी म्हणजे त्या शिलकांची बेरीज. साठ वर्षांचा अंदाज लागत नाही. पण एक नातं आहे: ईपीएफओने जाहीर केलेल्या दराइतकं व्याज ट्रस्टला देता आलं नाही, तर फरक कंपनीला भरावा लागतो. त्या कंपनीची तब्येत तिथेही बघायला हवी.

दोन वर्षं झाली, पत्र आलेलंच नाही. कंपनीचं नावही बदललंय.

बहुधा त्यांच्याकडे तुमचा जुना पत्ता आहे. ब्रिटिश सरकारची ‘पेन्शन ट्रेसिंग सर्व्हिस’ मोफत आहे. जुन्या कंपनीचं नाव दिलं की ती आजच्या स्कीमचा संपर्क देते. तुमची रक्कम ती सांगत नाही, ती स्कीमलाच विचारायची. नॅशनल इन्शुरन्स नंबर, नोकरीच्या तारखा आणि लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर दोन्ही आडनावं कळवा. पत्ता बदलला की शेवटचं मूल्यमापन, रिकव्हरी प्लॅन आणि स्टेटमेंटची प्रत एकाच ईमेलमध्ये मागून घ्या. बरेचदा ते पीडीएफ पाठवतात, टपालाची वाट बघावी लागत नाही.